११.२ की ११.३९? हातातल्या घड्याळाचे ०.२४ सेकंद

समजा, साताऱ्याच्या एका मुलाने जिल्हा स्पर्धेत मातीच्या ट्रॅकवर शंभर मीटर ११.२ सेकंदांत मारले. हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेली वेळ. त्याच महिन्यात सांगलीचा एक मुलगा पुण्यात बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर धावला आणि इलेक्ट्रॉनिक टायमिंगवर त्याची वेळ आली ११.३९. दोघेही कोल्हापूर विभागातले, दोघांची नावं एकाच निवडीसाठी पुढे आली आहेत आणि जागा एकच आहे. साताऱ्याचे सर म्हणणार, "आमचा पोरगा दोन दशांशांनी पुढे आहे, यात बघायचं काय?" सांगलीचे सर म्हणणार, "हातातल्या घड्याळात चोवीस मिळवा, मग बोला."

हे 'चोवीस मिळवा' म्हणजे ०.२४ सेकंद मिळवा. मैदानावर वावरणाऱ्या बहुतेकांनी हा आकडा ऐकलेला असतो. पण तो का मिळवायचा, कशात मिळवायचा आणि मिळवल्यावर उत्तर किती खरं मानायचं, इथे गोंधळ सुरू होतो. वर दिलेल्या दोन वेळांचीच गंमत अशी आहे की चुकीच्या रीतीने मिळवणी केली तर साताऱ्याचा मुलगा जिंकतो आणि बरोबर केली तर सांगलीचा. ते गणित पुढे करूच. आधी घड्याळ धरणाऱ्या बोटाकडे बघू.

बोट एकदाच उशीर करतं

हाताने वेळ घेणारा टाइमकीपर फिनिश लाइनच्या रेषेत उभा असतो. शंभर मीटरची सुरुवात त्याच्यापासून शंभर मीटर लांब होते. स्टार्टरने बार काढला की पिस्तुलातून ठिणगी आणि धूर दिसतो, आणि नियम सांगतो की घड्याळ तो धूर किंवा ठिणगी बघून सुरू करायचं. पण बार नेमका कधी निघणार हे टाइमकीपरला माहीत नसतं. 'सेट' म्हटल्यानंतर स्टार्टर किती थांबेल ते त्याच्या मनावर. त्यामुळे धूर दिसला, तो मेंदूपर्यंत पोचला, मेंदूने बोटाला सांगितलं आणि बटण दाबलं गेलं, एवढ्यात साधारण ०.२ सेकंद निघून जातात. टाइमकीपर कितीही सरावलेला असला तरी हा उशीर शून्यावर येत नाही. तो शरीराचाच आहे.

आता शेवट बघा. इथे प्रत्येकाचा अंदाज असा असतो की घड्याळ बंद करतानाही बोट तेवढाच उशीर करेल, म्हणजे दोन्ही उशीर एकमेकांना खाऊन टाकतील आणि वेळ बरोबरच येईल. तसं होत नाही. धावपटू समोरून येताना दिसत असतो. शेवटचे वीस मीटर, दहा मीटर, पाच मीटर, सगळं डोळ्यांसमोर घडतं आणि तो रेषेवर कधी पोचणार हे बोटाला आधीच कळलेलं असतं. ढोलपथकात टोल ताशाच्या ठेक्यावर अचूक पडतो, कारण ठेका कुठे येणार हे हाताला ठाऊक असतं. पण मध्येच कुणी हात वर करून "थांबा" म्हटलं तर एखादा टोल जास्तीचा पडतोच. सुरुवातीचा बार हा त्या अचानक आलेल्या हातासारखा आहे आणि शेवट हा ठेक्यासारखा.

म्हणजे घड्याळ सुरू होतं उशिरा आणि बंद होतं जवळपास वेळेवर. कधी कधी तर वेळेच्या किंचित आधीच, कारण उत्सुकतेत बोट घाई करतं. सुरुवातीचा जो तुकडा घड्याळाने मोजलाच नाही, तो शेवटी कुणी परत देत नाही. त्यामुळे हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी येते, म्हणजे धावपटू आहे त्यापेक्षा वेगवान दिसतो. ही चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी नसते. ती एकाच बाजूला झुकलेली असते, आणि म्हणून तर तिच्यासाठी एक ठरावीक आकडा मिळवता येतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं की ०.२४ म्हणजे धावपटूचा रिअ‍ॅक्शन टाइम, बार ऐकून ब्लॉकमधून उठायला त्याला लागलेला वेळ. तसं नाही. धावपटूचा रिअ‍ॅक्शन टाइम दोन्ही पद्धतींत धरलेलाच असतो, कारण दोन्हीकडे वेळ बारापासून मोजायची असते. मिळवणी होते ती टाइमकीपरच्या बोटाची.

इलेक्ट्रॉनिकमध्ये बोटच नाही

पूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धतीत स्टार्टरच्या पिस्तुलाला जोडलेला सेन्सर बार निघताक्षणी घड्याळ सुरू करतो. या यंत्रणेचा उशीर एक सहस्रांश सेकंदाच्या आत असावा लागतो, आणि स्पर्धेआधी तो तपासतात. शेवटी फिनिश लाइनच्या बरोबर रेषेत एक कॅमेरा असतो. तो मैदानाचा नेहमीसारखा फोटो काढत नाही; फक्त रेषेची एक बारीक उभी पट्टी पुन्हा पुन्हा टिपतो आणि या पट्ट्या शेजारी शेजारी लावून एक लांबट चित्र तयार होतं. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असते. धावपटूंचे पाय त्यात वाकडेतिकडे, ताणलेले दिसतात ते त्यामुळेच. मग पंच पडद्यावरची उभी रेषा धावपटूच्या धडाला टेकवतो. डोकं, मान, हात, पाय धरायचे नाहीत, धडच धरायचं. तिथली वेळ वाचून ती पुढच्या शतांशापर्यंत नेतात आणि निकालात ११.३९ असं दोन घरांत लिहितात.

१९७७ च्या १ जानेवारीपासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींच्या जागतिक विक्रमांसाठी फक्त अशीच वेळ ग्राह्य धरली जाऊ लागली. त्याआधीचे कितीतरी विक्रम हातातल्या घड्याळावरचे आहेत, आणि जुन्या-नव्याची तुलना करताना जगभर जी डोकेदुखी होते तीच आपल्या जिल्हा-विभागाच्या निवडीत होते.

आधी वर न्या, मग मिळवा

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. हातातलं डिजिटल स्टॉपवॉच पडद्यावर शतांशसुद्धा दाखवतं. ११.१३ असं ते लख्ख दिसतं. पण त्या शेवटच्या ३ ला काही अर्थ नाही, कारण ते घड्याळ चालवणारं बोट शतांश सेकंदाइतकं नेमकं नाही. म्हणून ट्रॅकवरच्या शर्यतीत हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर न्यायची असा नियम आहे. पुढच्या म्हणजे वरच्या, जवळच्या नव्हे. ११.१३ चे ११.२ होतात. ११.११ चेही ११.२ च होतात. फक्त ११.१० असेल तर ते ११.१ राहतं. शाळेत शिकवलेलं 'पाचच्या खाली असेल तर सोडून द्या' इथे लागू नाही.

पहिल्या क्रमांकाची वेळ एकाने घेऊन भागत नाही. तीन टाइमकीपर हवेत. समजा साताऱ्याच्या मुलाच्या वेळी तीन घड्याळांवर ११.१३, ११.१८ आणि ११.२४ आले. आधी तिन्ही वर न्यायचे: ११.२, ११.२, ११.३. दोन घड्याळं जुळली की त्यांची वेळ अधिकृत, म्हणजे ११.२. तिन्ही वेगळी आली असती तर मधली घेतली असती. काही कारणाने दोनच घड्याळं उरली आणि ती जुळत नसतील, तर जास्तीची, म्हणजे हळू वेळ धरायची. तिन्हीची सरासरी काढत नाहीत, आणि सगळ्यात चांगली वेळ तर मुळीच घेत नाहीत. जिल्ह्याच्या मैदानावर हे शेवटचं वाक्य कधी कधी मोठ्याने म्हणावं लागतं.

आता ०.२४ मिळवू. ११.२ अधिक ०.२४ म्हणजे ११.४४. सांगलीच्या मुलाचे ११.३९ त्याहून पाच शतांशांनी चांगले. कागदावर सांगली पुढे.

चुकीचा रस्ता कसा जातो तेही बघा. कुणीतरी घड्याळावरचे ११.१३ तसेच घेतले आणि त्यात ०.२४ मिळवले, तर ११.३७ येतात आणि सातारा पुढे जातो. बेरीज बरोबर आहे, पण आकडा चुकीच्या ठिकाणी लावला आहे. ०.२४ हा आकडा वर नेलेल्या दशांशासाठी ठरवलेला आहे. वर नेताना ० ते ९ शतांशांपर्यंत वेळ वाढते, सरासरी साडेचार शतांश. म्हणजे बोटामुळे हरवलेला खरा तुकडा सरासरीने ०.२४ पेक्षा मोठा, ०.२८ च्या आसपास आहे. त्यातला थोडा भाग वर नेण्याने भरून निघतो आणि उरलेला ०.२४ ने भरायचा असतो. वर न नेता ०.२४ मिळवलं तर मुलाला चार-पाच शतांश फुकट मिळतात, आणि शंभर मीटरच्या निवडीत तेवढ्यावर नावं खालीवर होतात.

उलट दिशेनेही हेच. कुणाला इलेक्ट्रॉनिक वेळ हातातल्या घड्याळाच्या भाषेत हवी असेल, तर ११.३९ मधून ०.२४ वजा करून ११.१५ येतात, आणि हातातल्या घड्याळाला शतांश नसल्यामुळे ते ११.२ झाले. म्हणजे या बाजूने बघितलं तर दोन्ही मुलं बरोबरीत! ज्या मोजपट्टीवर खुणाच दशांशाच्या आहेत तिच्यावर पाच शतांशांचा फरक दिसणारच नाही. म्हणून तुलना करायची असेल तर हाताची वेळ इलेक्ट्रॉनिककडे न्यावी, इलेक्ट्रॉनिकला खाली ओढून दशांशात बसवू नये.

चारशेला चौदा का?

०.२४ हा आकडा शंभर, दोनशे आणि १०० व ११० मीटर हर्डल्ससाठी आहे. ४०० मीटर आणि ४०० मीटर हर्डल्ससाठी ०.१४ मिळवतात. ८०० आणि त्यापुढे सहसा काहीच मिळवत नाहीत, कारण तिथे वेळेतल्या चढउतारापुढे हा फरक किरकोळ ठरतो.

चारशेचा आकडा लहान असण्यामागे जागेचं कारण आहे. चारशेची सुरुवात फिनिश लाइनपाशीच होते. पहिल्या लेनचा धावपटू तर बरोबर त्या रेषेवरूनच सुटतो. स्टार्टर टाइमकीपरच्या जवळपास असतो, ठिणगी स्पष्ट दिसते, आवाजही जवळजवळ लगेच येतो, आणि बोटाला दोन्हींचा आधार मिळतो. शंभरला स्टार्टर शंभर मीटर लांब, उन्हात धूर पुसट दिसतो. दोनशेचं काय, असं कुणी विचारेल. दोनशेचा स्टार्ट फिनिश लाइनच्या तिरकस समोर, मैदानापलीकडे असतो. चारशे मीटरच्या नेहमीच्या ट्रॅकवर सरळ बाजू सुमारे ८४ मीटर आणि दोन सरळ बाजूंमधलं अंतर ७३ मीटर धरलं तर कर्ण सुमारे १११ मीटर येतो. म्हणजे टाइमकीपरला दोनशेचा स्टार्ट शंभरच्या स्टार्टइतकाच, किंबहुना थोडा अधिक लांब असतो. दोन्हींना एकच आकडा का, ते यावरून कळतं.

चारशेचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली ४०० मीटरची अंतिम शर्यत, मिल्खा सिंग चौथे आलेली. त्या शर्यतीत अधिकृत वेळ हातातल्या घड्याळाची होती, पण शेजारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही चालू होती. एकाच शर्यतीच्या, त्याच पावलांच्या दोन्ही वेळा आपल्याकडे आहेत. ओटिस डेव्हिस हाताने ४४.९, इलेक्ट्रॉनिक ४५.०७. कार्ल कॉफमन हाताने ४४.९, इलेक्ट्रॉनिक ४५.०८. माल्कम स्पेन्स ४५.५ आणि ४५.६०. मिल्खा सिंग ४५.६ आणि ४५.७३.

वजाबाकी करून बघा. फरक येतात ०.१७, ०.१८, ०.१० आणि ०.१३. चौघांची सरासरी ०.१४५. आज आपण चारशेला जे ०.१४ मिळवतो, त्याच्या अगदी शेजारी. चार आकड्यांवरून नियम सिद्ध होत नाही हे खरं, पण हा आकडा आकाशातून पडलेला नाही एवढं यातून दिसतं. शिवाय आणखी एक गोष्ट दिसते: हातातल्या घड्याळाने पहिल्या दोघांना सारखीच वेळ दिली, सोनं आणि चांदी वेगळं करणारा एक शतांश फक्त फिल्मवर दिसला.

पुढे १९९८ मध्ये कोलकात्यात परमजित सिंगने इलेक्ट्रॉनिक ४५.७० ची वेळ दिली आणि प्रश्न उभा राहिला: ३८ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला की नाही? नुसते आकडे बघितले तर ४५.६ चांगले, म्हणजे मोडला नाही. रूपांतर करून बघितलं तर ४५.६ अधिक ०.१४ म्हणजे ४५.७४, म्हणजे मोडला. आणि इथे तर रूपांतराची गरजही नव्हती, कारण मिल्खा सिंगांची त्याच शर्यतीतली इलेक्ट्रॉनिक वेळ ४५.७३ उपलब्ध होती. तीन शतांशांनी परमजित पुढे. मला वाटतं, या प्रकरणात भावना बाजूला ठेवल्या तर वादाला फारशी जागा उरत नाही. खरी इलेक्ट्रॉनिक वेळ हाताशी असेल तर ठरावीक आकड्याची मिळवणी करायचीच नाही. ती वेळ वापरायची.

मिळवल्यानंतर आलेला आकडा किती भरवशाचा?

रोमच्या त्या चार फरकांकडे पुन्हा एकदा बघा. सरासरी नियमाशी जुळली, पण एकेकट्याचा फरक ०.१० पासून ०.१८ पर्यंत पसरलेला आहे. आणि हे ऑलिंपिकमधले, निवडलेले टाइमकीपर होते.

शंभरचं उदाहरण १९६८ मधलं आहे. २० जून १९६८ ला अमेरिकेत सॅक्रामेंटोला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत एकाच संध्याकाळी तिघांनी हाताच्या घड्याळावर ९.९ ची वेळ दिली आणि जागतिक विक्रम मोडला. जिम हाइन्स, रॉनी रे स्मिथ आणि चार्ल्स ग्रीन. इलेक्ट्रॉनिकवर त्यांच्या वेळा होत्या १०.०३, १०.१४ आणि १०.१०. म्हणजे फरक ०.१३, ०.२४ आणि ०.२०. हाइन्स आणि स्मिथ तर एकाच उपांत्य शर्यतीत धावले होते. फिल्मवर दोघांत अकरा शतांशांचं अंतर, म्हणजे रेषेवर एक मीटरहून थोडं जास्त, आणि हाताची वेळ मात्र दोघांची एकच. नियमाप्रमाणे तिघांचेही १०.१४ धरले असते तर स्मिथला अगदी बरोबर न्याय, ग्रीनवर थोडा आणि हाइन्सवर चांगलाच अन्याय झाला असता.

म्हणून रूपांतर केलेली वेळ ही एक वेळ नसून एक पट्टा आहे असं मी धरतो. चांगल्या टाइमकीपरनी घेतलेली असली तरी दोन्ही बाजूंना एक दशांशापर्यंत जागा सोडावी. साताऱ्याचे ११.४४ म्हणजे खरंतर ११.३४ ते ११.५४ मध्ये कुठेतरी. सांगलीचे ११.३९ या पट्ट्याच्या आत पडतात. तेव्हा या दोन मुलांपैकी कोण वेगवान, हे या कागदांवरून ठरत नाही, आणि निवड समितीने ते पाच शतांशांवर ठरवूही नये. दोघांना एका ट्रॅकवर, शेजारच्या लेनमध्ये पळवावं. सांगलीचा मुलगा ११.१५ पळाला असता तर मात्र वाद नव्हता. तो पट्ट्याच्या बराच बाहेर गेला असता.

आवाजावर सुरू केलेलं घड्याळ

आतापर्यंतचं सगळं टाइमकीपर धूर बघून घड्याळ सुरू करतो हे धरून होतं. तालुक्याच्या मैदानावर तसं होईलच असं नाही. पिस्तूल नसतं, लाकडी क्लॅपर असतो, कधी नुसती शिट्टी. शिट्टीला दिसण्यासारखं काही नाही, मग घड्याळ आवाजावरच सुरू होतं.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर यायला त्याला ०.२९ सेकंद लागतात. धावपटू ब्लॉकवर पाय रेटून उठत असतो तेव्हा कुठे आवाज फिनिश लाइनवर पोचतो. त्यावर बोटाचा उशीर वेगळा. आवाजाला तो जरा कमी, ०.१५ च्या आसपास. म्हणजे एकूण ०.४४ सेकंद घड्याळाने मोजलेच नाहीत. खरोखर ११.४४ धावणाऱ्या मुलाची वेळ घड्याळावर ११.० येईल. त्यात इमानदारीने ०.२४ मिळवलं तरी ११.२४ होतात, दोन दशांश अजून हवेतच.

असं झालंय हे निकालपत्रकावरून ओळखता येतं. एकाच दिवशी, एकाच मैदानावर शंभर धावणारी जवळजवळ सगळी मुलं आपापल्या नेहमीच्या वेळेपेक्षा दोन-तीन दशांशांनी सुधारली असतील, आणि तीच मुलं त्याच दिवशी चारशेत मात्र नेहमीसारखीच असतील, तर मुलं सुधारलेली नाहीत, घड्याळ उशिरा सुरू झालंय. चारशेला स्टार्टर जवळ असल्याने आवाजाचा घोटाळा तिथे होत नाही. वाऱ्याने हे झालं असेल का, तेही बघावं. पाठीमागून चांगला वारा असेल तर शंभर मीटर सगळ्यांचेच सुधारतात. पण दोनशेसुद्धा तितकेच सुधारलेले दिसले तर संशय घड्याळावरच घ्यायचा, कारण दोनशेत वळणावर वाऱ्याचा फायदा तसाच मिळत नाही.

स्टार्टरने क्लॅपर उंच धरून, मागे गडद रंगाचा फळा किंवा कापड ठेवून वाजवला तर दोन फळ्या मिटताना लांबून दिसतात आणि हा घोटाळा बराच टळतो. शिट्टीवर घेतलेल्या शंभरच्या वेळा निवडीच्या यादीत धरूच नयेत असं माझं मत आहे.

अर्धवट इलेक्ट्रॉनिक

शेवटचा एक प्रकार उरतो आणि तो आता वाढतोय. सुरुवात बोटाने आणि शेवट रेषेवर आडव्या सोडलेल्या प्रकाशकिरणाच्या गेटवर, किंवा सुरुवात बारावर आणि शेवट बोटाने. आकडा शतांशात येतो, छापून येतो, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनिक वाटतो. जागतिक नियमांनुसार एकाच टोकाला आपोआप चालणारी यंत्रणा ना हाताची धरायची, ना पूर्ण इलेक्ट्रॉनिक. अशा वेळेत ०.२४ मिळवायचं की नाही, याला उत्तर नाही, कारण तो आकडा तिच्यासाठी ठरवलेलाच नाही. शिवाय किरणाच्या गेटला धड कळत नाही; पुढे गेलेला हात किंवा गुडघाही किरण तोडतो. सरावाला वापरली जाणारी काही यंत्रं तर धावपटूच्या पहिल्या हालचालीवर सुरू होतात, आणि मग त्याचा रिअ‍ॅक्शन टाइमही गळतो. अशा यंत्रावरचे १०.९ आणि स्पर्धेतले ११.३ एकाच मुलाचे, एकाच आठवड्यातले असू शकतात.

मोबाइलवर व्हिडिओ काढून वेळ काढणारेही बरेच आहेत. त्यात वाईट काही नाही. नीट केलं तर हातातल्या घड्याळापेक्षा बरं असतं, कारण बोट निघून जातं. मोबाइल फिनिश लाइनच्या बरोबर रेषेत, स्टँडवर, न हलता ठेवायचा. थोडा पुढे-मागे ठेवला तर रेषा तिरकस दिसते, आणि सेकंदाला नऊ मीटर वेगाने येणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक मीटरची चूक म्हणजे एक दशांशापेक्षा जास्त. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये तीन शतांशांपेक्षा जास्त वेळ जातो; स्लो मोशनमध्ये २४० असतील तर अर्ध्या शतांशापेक्षा कमी. बार व्हिडिओत दिसत नसेल तर तो आवाजाच्या पट्टीवर शोधावा लागतो, आणि तिथे आवाजाचा उशीर पुन्हा येतो: मोबाइल फिनिशवर आणि बार शंभर मीटरवर असेल तर आलेल्या वेळेत ०.२९ मिळवायचे, ०.२४ नाही. दोनशेला स्टार्टर सुमारे १११ मीटरवर, तेव्हा ०.३३. चारशेला स्टार्टर मोबाइलपासून किती लांब उभा होता ते पावलांनी मोजून त्याला ३४० ने भागायचं.

निकाल लिहितानाची एक खोड मोडायला हवी. ११.२ ही हाताची वेळ ११.२० अशी लिहू नये. कुणीतरी यादी सुबक दिसावी म्हणून एक शून्य जोडतं, आणि पुढच्या टेबलावर बसलेला माणूस ती इलेक्ट्रॉनिक समजून ११.३९ च्या वर ठेवतो. एक घर म्हणजे हाताची, दोन घरं म्हणजे इलेक्ट्रॉनिक, हाच वाचणाऱ्याचा समज असतो. रूपांतर केलेली वेळ लिहायचीच असेल तर मूळ ११.२ आधी, आणि शेजारच्या रकान्यात ११.४४, 'हाताची, ०.२४ मिळवून' अशा नोंदीसह लिहावी. व्हिडिओवरून काढलेली असेल तर तसं लिहावं, आणि बार आवाजावरून धरला की धुरावरून तेही.